जुन्या साहेबांना येणारा फोन

नमस्कार श्रोतेहो.

बुटीबोरी, हिंगणा किंवा मिहानमधल्या एखाद्या कंपनीत तुम्ही मॅनेजर आहात. तुमच्या हाताखालचा एक माणूस वर्षभरापूर्वी नोकरी सोडून गेला. आज दुपारी तीन वाजता, गाडी लोड होत असताना तुमचा फोन वाजतो. पलीकडून पुण्याचं किंवा बेंगळुरूचं कुणीतरी हिंदीत विचारतं, "सर, दो मिनट, आपके पुराने सुपरवायझर के बारे में पूछना था. कैसा काम था?" या दोन मिनिटांत काय बोलायचं, आज त्याबद्दल बोलू.

पहिली गोष्ट म्हणजे त्या क्षणी उत्तर देऊ नका. "आत्ता कामात आहे, संध्याकाळी साडेपाचला मीच फोन करतो," एवढं सांगा. फोन करणाऱ्याचं नाव, कंपनी आणि त्यांच्या ऑफिसचा नंबर घ्या. तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबराशी ताडून पाहा. कधी वसुलीवाला, कधी सोयरीक ठरवणारे नातेवाईकही असाच फोन करतात. मग त्या माणसाला एक मेसेज टाका: "तुमच्याबद्दल अमुक कंपनीतून फोन आला होता. माझं नाव तुम्ही दिलं आहे का? नोकरी कोणत्या कामाची आहे?" आपल्या कंपनीचा नियमही एचआरला विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी मॅनेजरनं रेफरन्स द्यायचाच नसतो. हुद्दा आणि नोकरीच्या तारखा तेवढ्या एचआर सांगतं. तसा नियम असेल तर तुमचं काम तिथंच संपलं. फक्त पलीकडच्याला स्पष्ट सांगा की हा नियम सगळ्यांसाठी सारखा आहे. हे वाक्य राहून गेलं, तर "बोलत नाहीत म्हणजे काहीतरी भानगड असणार," असा अर्थ निघतो आणि नाहक उमेदवार मारला जातो.

बोलायला मोकळीक असेल तर संध्याकाळपर्यंत दहा मिनिटं काढून एका कागदावर लिहा: तो तुमच्याकडे कधीपासून कधीपर्यंत होता, नेमकं काय काम करत होता, आणि तुम्ही स्वतः पाहिलेले दोन-तीन प्रसंग. कँटीनमध्ये ऐकलेलं काहीही या कागदावर येता कामा नये.

कागद हवा, कारण फोनवर माणूस फसतो तो एकाच प्रश्नाला: "कमी काय होती?" बाकी प्रश्न सोपे असतात. इथं काही जण "कमी? काहीच नाही, हिरा आहे," म्हणतात. विचारणारा रोज असे फोन करत असतो. तो हे वाक्य ऐकतो आणि आधीचं सगळं कौतुकही खोडून टाकतो. दुसरे "अं... तसा ठीक होता," म्हणून थांबतात. ते थांबणं स्पष्ट तक्रारीपेक्षा जास्त नुकसान करतं, कारण त्या रिकाम्या जागेत ऐकणारा चोरीपासून दारूपर्यंत काहीही भरू शकतो. तिसरे "आळशी होता," "ॲटिट्यूड होता," असा शिक्का मारतात. त्यातून पलीकडच्याला नेमकं काहीच कळत नाही, आणि शिक्का मात्र चिकटतो.

एक उदाहरण घेऊ. समजा हा माणूस तुमच्याकडे सव्वादोन वर्षं डिस्पॅच सुपरवायझर होता. गाड्या वेळेवर लावायचा, हमालांशी कधी वाद नाही, माल चुकीच्या गाडीत गेला नाही. पण महिनाअखेरचा स्टॉक रिपोर्ट उशिरा द्यायचा. शेवटच्या वर्षात असं तीनदा झालं. मग तुम्ही २५ तारखेलाच त्याच्याकडून कच्चा रिपोर्ट मागायला लागलात, आणि त्यानंतर तो वेळेवर येऊ लागला. आता तो मिहानमधल्या एका गोदामात शिफ्ट इन्चार्ज म्हणून जातोय.

उत्तर असं देता येईल: "गाड्या लावणं आणि माणसं सांभाळणं यात तो पक्का. कागदी कामात मागे पडायचा. शेवटच्या वर्षात महिन्याचा रिपोर्ट तीनदा उशिरा आला. आम्ही २५ तारखेला कच्चा रिपोर्ट मागायला लागलो, त्यानंतर उशीर झाला नाही. तुमच्याकडे रिपोर्टिंग किती आहे?"

यात काय झालं बघा. उणीव लपवली नाही, पण ती एका कामापुरती ठेवली, किती वेळा ते सांगितलं आणि कशानं सुधारली तेही सांगितलं. आकडा दिल्यामुळे ऐकणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही. शेवटचा प्रश्न तर फार कामाचा. पलीकडचा म्हणाला की दिवसभर फ्लोअरवरच राहायचंय, तर ही उणीव आड येत नाही. तो म्हणाला की अर्धा दिवस कॉम्प्युटरवर एमआयएस करायचा आहे, तर म्हणा, "या भागात त्याला सुरुवातीचे दोन-तीन महिने कुणाची तरी देखरेख लागेल." यात उमेदवाराचं वाईट काहीच नाही. उलट त्याला हिरा म्हणून त्या खुर्चीत बसवलं, तर प्रोबेशन संपायच्या आत तो घरी बसतो, आणि पुढच्या मुलाखतीत त्याला दोन नोकऱ्यांचा खुलासा करावा लागतो.

"परत घ्याल का?" हा प्रश्न बहुतेक वेळा येतोच. हो किंवा नाही एवढ्यावर सोडू नका. "डिस्पॅचला उद्या घेईन, स्टोअर अकाउंटिंगला नाही," हे उत्तर खरं आहे आणि कामाचंही.

काही विषयांना हातच लावायचा नाही: आजारपण, बाळंतपणाची रजा, लग्न, जात, धर्म, घरची भांडणं, युनियनशी संबंध. "सुट्ट्या फार घ्यायचा का?" असं विचारलं आणि त्या रजा आजारपणाच्या असतील, तर "रजा मंजूर करून घेतलेल्या होत्या," एवढंच म्हणा. पगाराचा आकडाही तुम्ही सांगू नका. त्यासाठी उमेदवाराची पगार स्लिप आहे.

पण प्रकरण खरंच गंभीर असेल, म्हणजे अफरातफर किंवा मारामारी झाली असेल तर? चौकशी होऊन लेखी निष्कर्ष निघाला असेल, तरी तो फोनवर तुम्ही सांगू नका, एचआरकडे पाठवा. फक्त संशय असेल तर तो तुमच्यापाशीच राहू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६ आहे. त्याच्या अपवादांत, दुसऱ्याचं हित जपण्यासाठी सद्भावनेनं दिलेली माहिती बसू शकते. मात्र योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेनं केली असं कायदा मानत नाही. कानगोष्ट या कसोटीला टिकणं कठीण. चुकीची माहिती देऊन चांगलं बोलणंही अंगाशी येऊ शकतं, हेही ध्यानात असू द्या.

तुमचं मत मुळातच वाईट असेल, तर फोनची वाट बघू नका. माणूस नाव द्यायची परवानगी मागतो, तेव्हाच सांगा: "मी बोललो तर रिपोर्टच्या उशिराबद्दलही बोलेन. चालेल का, की दुसऱ्या कुणाचं नाव देतोस?" ज्याला खरंच दुसरा चांगला साहेब मिळाला असेल, तो त्याचं नाव देईल, आणि दोघांचीही अडचण टळेल.

बोलणं झालं की त्याच कागदावर तारीख, विचारणाऱ्याचं नाव आणि तुम्ही काय सांगितलं ते चार ओळींत लिहून ठेवा. उमेदवाराला फोन झाल्याचं कळवा. निवड होईल की नाही याचा अंदाज मात्र देऊ नका. तो तुम्हालाही ठाऊक नसतो. आणि त्यानं विचारलंच की माझी कमी काय सांगितलीत, तर कागदावरचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवा.

नमस्कार.