दाबाचा हिशेब: कॉफिन कॉर्नर

[दृश्य: सोनेगाव, पहाट. हवामान केंद्राच्या आवारात हायड्रोजनचा पांढरा फुगा सोडतात.]

नागपूरचं विमानतळ अजून पुरतं जागं झालेलं नाही. हवामान केंद्राचा फुगा मात्र निघाला. खाली दोरीला लोंबकळणारी पांढरी डबी दाब, तापमान आणि आर्द्रता मोजत जाईल. फुग्याकडे नीट बघा. हातातून सुटला तेव्हा तो लिंबासारखा चिमटलेला होता. वर जाईल तसा तो फुगत जातो, कारण बाहेरून दाबणारी हवा कमी होत जाते. 34 हजार फुटांवर दाब जमिनीवरच्या एक चतुर्थांश उरतो. तिथल्या गारठ्याने आतला वायू थोडा आकसतो, तरीही फुगा सुरुवातीच्या जवळपास तिप्पट झालेला असतो.

आज सांगायची गोष्ट याच दाबाची आहे.

[दृश्य: निळ्या आभाळात पांढरी रेघ. कॅमेरा रेघेच्या टोकावर.]

दिल्लीहून दक्षिणेकडे जाणारं जेट विमान आपल्या डोक्यावरून जातंय, 35 हजार फुटांवर. खालून ते रेंगाळल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात त्याला दोन कडांच्या मधल्या पट्टीत राहावं लागतं. वेग फार कमी झाला तर पंखावरचा प्रवाह सुटतो, तो स्टॉल. फार वाढला तर पंखाच्या पाठीवरून जाणारी हवा ध्वनीचा वेग ओलांडते, तिथे धक्कालहर उभी राहते आणि तिच्या मागे प्रवाह फाटतो. उंची वाढते तशा या दोन कडा जवळ येत जातात. त्या जिथे मिळतात, त्या टोकाला वैमानिक कॉफिन कॉर्नर म्हणतात. शवपेटीचा कोपरा.

[दृश्य: वर्गातला पांढरा फळा. मार्करने दोन रेघा, वर एकमेकींकडे झुकणाऱ्या.]

कडा जवळ का येतात, याचं वर्गात हमखास मिळणारं उत्तर असं: वर थंडी, थंडीत ध्वनीचा वेग कमी, म्हणून वरची कडा खाली येते. हे उत्तर अर्धंच आहे. प्रमाण वातावरणात 36 हजार फुटांच्या वर तापमान बराच काळ उणे 56 वरच थांबतं. ध्वनीचा वेगही तिथे थांबतो. मग पट्टी आणखी अरुंद व्हायला नको. पण ती होतच राहते.

खरा हिशेब फळ्यावरच्या खालच्या ओळीत आहे. समोरून येणाऱ्या हवेशी ठरावीक कोनात पंख जी उचल देतो ती हवेचा दाब आणि मॅक आकड्याचा वर्ग यांच्या गुणाकारावर ठरते. मॅक आकडा म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या किती पट आपण जातोय ते. विमानाचं वजन तेच आहे, म्हणून उचलही तेवढीच हवी. दाब घटला की दोनच वाटा उरतात: मॅक वाढवा, नाहीतर पंखाचा कोन वाढवा. मॅकवर मर्यादा आहे; बोइंग 737-800 साठी ती 0.82. म्हणजे उरतो कोन. 35 हजारांवरून 41 हजारांवर गेलं की दाब एक चतुर्थांशाने घटतो, आणि त्याच मॅकला पंखाकडून एक तृतीयांश जास्त काम घ्यावं लागतं. शिवाय कोन वाढला की पाठीवरची हवा आणखी वेगाने पळते, म्हणून धक्कालहर आधीच्या पेक्षा कमी मॅकला उभी राहते. एकच कोन दोन्ही कडांना एकमेकींकडे ढकलतो.

[दृश्य: डाव्या पडद्यावरची वेगपट्टी, अगदी जवळून. वर लाल-काळे ठोकळे, त्यांच्या खाली आणि पट्टीच्या तळाशी पिवळसर दांडे.]

आता हेच आकड्यांत. वेग नॉटमध्ये, वेगपट्टीवर दिसतो तो. वरची कडा 25 हजार फुटांवर 340, 35 हजारांवर 280, 41 हजारांवर 243. खालची कडा वजनावर ठरते. हिशेबापुरतं धरू, एका भरलेल्या विमानाला ती खाली 200 आणि वर गेल्यावर 215. तर मोकळी जागा आधी 140 नॉट, मग सत्तरेक, आणि शेवटी 28.

अठ्ठावीस नॉट पुरेसे वाटतात. पण विमान 40 अंश कलवलं तर पंखावर 1.3 पट भार येतो आणि स्टॉलचा वेग 14 टक्क्यांनी वाढतो. 215 चे 245 झाले. वरची कडा 243. जागा संपली. ढगातला एखादा उभा झोतही तेवढाच भार क्षणभर टाकू शकतो. म्हणूनच पिवळसर दांडे या 1.3 पटीची सोय राखून काढलेले असतात, आणि विमानातल्या संगणकाच्या पानावर OPT/MAX असं लिहिलेल्या ओळीतली कमाल उंचीही अशीच राखून दिलेली असते. दोन दांडे जवळ आलेले दिसले की समजायचं, आपण जास्त वर आलोय.

[दृश्य: फुग्याचा आलेख संगणकावर. पावसाळ्यातली नोंद.]

इथे नागपूरचा एक वेगळाच पेच आहे. पुस्तकात 35 हजार फुटांवर उणे 54 अंश लिहिलेत. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर ते उणे 40 च्या आसपास असतं. वर सांगितलेल्या कडा यामुळे हलत नाहीत, कारण त्या दाबावर आणि वजनावर ठरतात. कमी होते ती इंजिनाची ताकद. म्हणजे वेग एकदा घसरला की सरळ उडत तो परत मिळवायला जोरच शिल्लक नसतो.

16 ऑगस्ट 2005 ला पनामाहून मार्टिनिकला निघालेल्या एमडी-82 विमानाचं असंच झालं. उंची 33 हजार फूट, पुढे खराब हवामान, आणि इंजिनाचं बर्फरोधक चालू. त्यासाठी इंजिनातलीच गरम हवा खर्च होते, म्हणून ती उंची त्या वजनाला झेपणारी नव्हती. ऑटोपायलटला सांगितलेलं काम एकच, उंची सोडायची नाही. वेग घटत गेला तसा तो नाक वर घेत राहिला, आणि वर घेतलेल्या नाकाने वेग आणखी खाल्ला. स्टॉल झाल्यावर सहवैमानिकाने तो ओळखला होता. तरीही वैमानिकाच्या हातातला दांडा शेवटपर्यंत मागेच ओढलेला राहिला. व्हेनेझुएलात माचिकेसजवळ 160 माणसं गेली.

[दृश्य: मिहानमधला हँगर. पंखाची पाठ, तंत्रज्ञाचा हात त्यावरून फिरतो.]

दोन्ही कडांवर विमान थरथरतं, आणि हाताला ती थरथर बरीचशी सारखी लागते. उपाय मात्र उलटे आहेत. वरच्या कडेला जोर कमी करून हलकेच वेग उतरवायचा. खालच्या कडेला आधी नाक खाली, कोन तोडायचा, जोर नंतर. तिथे दोन-तीन हजार फूट जातात, आणि ते जाऊ द्यावे लागतात. म्हणून थरथर सुरू झाली की हात हलवण्याआधी वेगपट्टी बघायची: आकडा लाल ठोकळ्यांना टेकलाय की तळाला?

[दृश्य: संध्याकाळ. वाडीच्या बाजूने चढत गेलेला काळा ढग, माथा पसरट.]

मे-जूनमध्ये विदर्भावरच्या अशा ढगांची डोकी 50 हजार फुटांच्याही वर जातात. 737-800 सारखं प्रवासी जेट 41 हजारांवर संपतं. तरी “अजून दोन हजार मिळाले तर वरून निघू” असं वाटतंच. दोन हजारांनी ढग ओलांडला जात नाही. विमान मात्र त्याच्या माथ्याजवळच्या झोतांत पोचतं, आणि तेही सर्वांत अरुंद पट्टी घेऊन.

[दृश्य: तीच पांढरी रेघ. ढगाच्या अलीकडे डावीकडे वळते.]

या विमानाने नागपूर कंट्रोलकडे उंची मागितली नाही. 35 हजारांवरच राहून डावीकडे 20 मैल सरकायची परवानगी घेतली. वळताना कल पंधराएक अंशांचा, खडबडीत हवेसाठी वेग मॅक 0.76. थोडं इंधन जास्त, काही मिनिटं उशीर.