उडीतली वरची चार बोटं

(व्हॉलीबॉल प्रशिक्षकांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

सुरुवात वजनकाट्यापासून करू. तबकडीवर सुई फिरते तो जुना स्प्रिंगचा काटा घ्या. डिजिटल काटा इथे उपयोगाचा नाही, तो आकडा स्थिर झाल्याशिवाय बोलतच नाही. काट्यावर गुडघे ताठ ठेवून उभे राहा, हात मांड्यांशी सोडलेले. आता बाकी काही न हलवता दोन्ही हात समोरून झटक्यात डोक्यावर न्या. सुई आधी वजनाच्या पुढे उसळते, आणि हात वरती पोचता पोचता मूळ वजनाच्याही मागे येते. मग डुलत डुलत जागेवर थांबते.

हाताच्या झोक्याने उडी का वाढते, याचं बरंचसं उत्तर या दोन हेलकाव्यांत आहे.

दोन्ही हात मिळून शरीराच्या वजनाच्या साधारण दहा टक्के भरतात. ६० किलोच्या खेळाडूचे हात म्हणजे सहा किलो. हे सहा किलो वर जायला वेग घेत असतात तोवर ते खांद्यांना खाली दाबतात, आणि तो दाब कण्यातून, कमरेतून, पायांतून जमिनीपर्यंत पोचतो. म्हणून सुई पुढे जाते. हातांचा वर जाण्याचा वेग कमी व्हायला लागला की उलटं होतं: हात खांद्यांना वर ओढतात, पायांवरचा भार हलका होतो, सुई मागे येते. सरळ हात खांद्याभोवती गोल फिरतो, म्हणून त्याचा वर जाण्याचा वेग सर्वांत जास्त असतो तो हात जमिनीला समांतर असताना, खांद्याच्या पातळीत. त्यामुळे मोजायची खूण सोपी आहे. हात खांद्याच्या खाली असेपर्यंत दाब, खांद्याच्या वर गेल्यावर ओढ. मिलिसेकंदापर्यंत हे तंतोतंत नसेल, पण मैदानावर एवढं पुरतं.

आता कुणी विचारेल, आधी दाबायचं आणि मग ओढायचं, तर जमाखर्च शून्यच की! पाय ताठ ठेवून काट्यावर उभे असाल तर शून्यच. पण उडी मारताना पायही ढकलत असतात, आणि दाब कधी आला, ओढ कधी आली, याने पायांच्या कामात फरक पडतो.

स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितकं त्याचं बळ कमी होतं. ए. व्ही. हिल यांनी १९३८ साली बेडकाच्या स्नायूवर हे मोजून दाखवलं. उडीत बसक्या स्थितीतून वर येताना कंबर आणि गुडघे भराभर उघडतात, म्हणजे नितंबांचे आणि मांड्यांचे स्नायू वेगात आखडतात आणि म्हणूनच पूर्ण ताकद लावू शकत नाहीत. त्याच वेळी खांद्यांवर वरून दाब असेल, तर धड उघडण्याचा वेग थोडा आवरला जातो आणि तेच स्नायू जास्त बळ लावतात. अर्थात पाय जमिनीला जास्त जोराने रेटतात. शेवटी पाय जवळजवळ सरळ झाले की रेटायला फार काही उरलेलं नसतं. तेव्हा हातांची ओढ कामी येते: खांद्याच्या स्नायूंनी हातांत साठवलेली गती धडाकडे जाते. थोडक्यात, सुरुवातीला पायांना ओझं हवं आणि शेवटी हात पुढे करणारा सोबती हवा. हे दोन्ही काम तेच हात करतात, फक्त वेळ साधायला हवी.

मिळतं किती? एड्रियन लीस आणि सहकाऱ्यांनी २००४ साली २० प्रौढ पुरुषांच्या उड्या मोजल्या. झोक्यासह उडी सरासरी ८.६ सेंटिमीटरने वाढली. त्यातला ७२ टक्के वाटा जमीन सोडतानाच्या जास्त वेगाचा होता. उरलेला २८ टक्के साधा भूमितीचा: जमीन सोडताना हात वर असतात, म्हणून गुरुत्वमध्य आधीच दोन-अडीच सेंटिमीटर वर असतो.

वेगाचं गणित एकदा करून पाहण्यासारखं आहे. समजा, कमरेवर हात ठेवून उडणारी खेळाडू सेकंदाला २.५ मीटर वेगाने जमीन सोडते. वेगाचा वर्ग १९.६२ ने भागला की उंची मिळते, इथे ३२ सेंटिमीटर. झोक्याने हा वेग दहा टक्के वाढून २.७५ झाला, तर उंची ३८.५ होते. वेग दहा टक्क्यांनी वाढला आणि उंची एकवीस टक्क्यांनी, कारण उंची वर्गाने वाढते. त्यात भूमितीचे दोन-अडीच सेंटिमीटर मिळवा. नऊ सेंटिमीटर म्हणजे नेटवर बोटांच्या टोकाला लागणारा चेंडू तळहातावर येणं.

आता क्रम. उभ्या जागेवरून उडी घेताना खाली बसता बसता हात मागे जातात. बसणं संपायच्या थोडं आधी हात पुढे यायला निघतात, आणि कंबर सर्वांत खाली असते त्या सुमाराला हात मांड्यांजवळून जातात. हे वाक्य प्रशिक्षकाने डोक्यात पक्कं ठेवावं, कारण झोक्याच्या तळाशी हात वेगात असतात आणि नेमका तिथेच खांद्यांवर खालच्या दिशेने मोठा दाब येतो. दोरीला बांधलेला दगड गोल फिरवताना तळाशी हाताला सर्वांत जास्त ओढ लागते, तसंच हे. त्यानंतर पाय रेटत असताना हात वर चढतात, टाचा उचलायला लागतात तेव्हा खांद्यांच्या पातळीवर येतात, आणि पायांची बोटं जमीन सोडतात तेव्हा कपाळाच्या आसपास किंवा थोडे वर असतात.

हे उघड्या डोळ्यांनी दिसत नाही. तळापासून जमीन सोडेपर्यंत सगळा खेळ पाव सेकंदाच्या थोडा पुढे संपतो. पण फोनचा सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन पुरेसा आहे. फोन बाजूने, खेळाडूपासून तीन-चार मीटरवर, कमरेच्या उंचीवर, स्टँडवर ठेवा. हातात धरून काढलेला व्हिडिओ कंबरेचा तळ नीट दाखवत नाही. मग एकेक फ्रेम पुढे नेत तीनच जागा शोधा: कंबर सर्वांत खाली, टाच सुटली, बोटं सुटली. प्रत्येक ठिकाणी हात कुठे आहेत ते लिहा. तळाला शून्य धरलं, तर चांगल्या उडीत हात पाचव्या फ्रेमच्या आसपास मांडीपाशी, पंचेचाळिसाव्याच्या आसपास खांद्यापाशी, आणि पासष्टाव्याच्या आसपास बोटं जमिनीवरून सुटलेली, असा हिशेब दिसेल. आकडे उंची आणि बसण्याच्या खोलीप्रमाणे हलतील. क्रम हलता कामा नये.

आता समजा याच खेळाडूच्या व्हिडिओत कंबर तळाला आहे आणि हात आधीच छातीपर्यंत आलेत. टाच सुटते तेव्हा हात डोक्यावर जाऊन थांबलेले. नवशिक्यांत हा दोष सर्वांत जास्त दिसतो, आणि तो ‘हात जोरात मार’ असं ओरडून वाढतो. दाब खाली बसतानाच खर्च झाला, ओढ पाय अजून वाकलेले असताना आली. म्हणजे पायांना ओझं हवं होतं तेव्हा ते हलकं केलं, आणि शेवटी ओढायला हातांत वेगच उरला नाही. झोका दिसायला जोरदार, उडी जवळपास कमरेवर हात ठेवल्याइतकीच. इथे जोर वाढवू नका. हात मागे नेणं थोडं उशिरा सुरू करायला सांगा.

उलटा दोष, उशिराचा, बाजूने पाहिला की लगेच ओळखू येतो: बोटं सुटली तरी हात कमरेपाशीच. हवेत गेल्यावर गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून गेलेला असतो. मग हात वर नेले तर त्या बदल्यात बाकीचं शरीर खाली ढकललं जातं. खांद्यांनी केलेली मेहनत जमिनीपर्यंत पोचतच नाही. अशा खेळाडूला तळाशी दोन सेकंद थांबवून उडवा. अर्धी बैठक, हात मागे, थांब. मग आधी हात सोडायचे आणि ते मांडीपाशी आले की पाय रेटायचे. या थांबलेल्या उडीची उंची कमी येईल, तिकडे लक्ष देऊ नका. पाच-सहा उड्यांत पाय हातांची वाट पाहायला शिकतात. नंतर थांबा काढून टाका.

कोपराबद्दल एक गोष्ट. कोपर काटकोनात मुडपलं की हात वेगाने फिरतो, पण वजन खांद्याच्या जवळ येतं आणि वर-खाली होणारा प्रवास घटतो. अगदी ताठ हात मागून पुढे यायला वेळ खातो. किंचित सैल कोपर हा मधला मार्ग.

सुधारणा झाली की नाही हे हवेतल्या वेळावरून मोजता येतं, पण त्यात एक फसगत आहे. वेळेचा वर्ग गुणिले १.२२६ म्हणजे मीटरमधली उंची. ३२ सेंटिमीटरची उडी २४० फ्रेममध्ये सुमारे १२२ फ्रेम हवेत असते, ३८.५ ची सुमारे १३४. फरक बारा फ्रेमचा. आता खेळाडूने हात वर असताना जमीन सोडली आणि हात खाली आणून, गुडघे वाकवून पाय टेकवले, तर गुरुत्वमध्याला उतरायला जास्त अंतर मिळतं, हवेतला वेळ लांबतो, आणि न मारलेली उंची खात्यावर जमा होते. म्हणून झोक्याच्या उडीत पाय टेकेपर्यंत हात वरच ठेवायला सांगा, आणि पाय सरळ, चवड्यांवर टेकू द्या. कमरेवर हात ठेवून तीन, झोक्यासह तीन, मध्ये मिनिटभर विसावा, आणि दोन्हींची मधली उडी घ्या. फरक तीन-चार सेंटिमीटरच्या आत असेल तर मी पाय तपासण्याआधी व्हिडिओ पाहीन.

भिंतीवर खडूचं बोट उमटवून मोजणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. एका हाताने स्पर्श करताना दुसरा हात हवेत खाली आणला, तर तोच नियम उलट्या बाजूने लागू पडतो: खाली गेलेल्या हातामुळे बाकीचं शरीर दोन-तीन सेंटिमीटर वर येतं. बास्केटबॉलमध्ये सुरुवातीच्या उंच चेंडूला हे उपयोगी पडतं. चाचणीत मात्र प्रत्येक वेळी सारखंच करायला हवं.

राहता राहिला ब्लॉक. स्मॅशच्या धावेत हात मागे न्यायला शेवटच्या दोन पावलांचा वेळ असतो, तिथे पूर्ण झोका बसतो. ब्लॉकमध्ये समोर नेट आहे, हात छातीसमोर तयार आहेत, आणि मधल्या झटपट सेटला मागे झोका न्यायला वेळच मिळत नाही. शिवाय पुढून गोल येणारे हात नेटला लागतात. तिथे हात छातीपासून कमरेपर्यंतच खाली आणून सरळ वर न्यावेत. झोका लहान असल्याने फायदाही लहान, पण वेळेचा नियम तोच: बैठकीच्या तळाला हात कमरेपाशी, टाच सुटताना खांद्यापाशी. टोकाकडच्या उंच सेटला बाजूला दोन-तीन पावलं पळत जाऊन ब्लॉक घ्यायचा असेल, तर त्या पावलांत पूर्ण झोका बसवता येतो. फक्त हात शरीराच्या बाजूने, नेटला समांतर यायला हवेत.