बाणाची शेपटी कुठे आहे?

(दादर येथे रसायनशास्त्राच्या पदवी वर्गातील विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, फळ्यावर मी एक साधी अभिक्रिया लिहिली आहे. इथाइल अॅसिटेट, म्हणजे CH₃COOCH₂CH₃, सोडियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यातल्या द्रावणात गरम केलं की सोडियम अॅसिटेट आणि इथेनॉल मिळतं. साबण करताना तेलाचं जे होतं तेच हे. तुम्हा सगळ्यांना ही पाठ आहे. मला आज बोलायचं आहे ते या अभिक्रियेची मेकॅनिझम काढताना आपण जे वाकडे बाण काढतो त्यांच्याबद्दल, आणि त्यातल्या प्रत्येक बाणाची तपासणी कशी करायची त्याबद्दल.

मागच्या आठवड्यात टी.वाय.ची एक मुलगी वही घेऊन आली. रोज बदलापूरहून येते, लोकलमध्ये बसायला मिळालं की मेकॅनिझम सोडवते. उत्तर बरोबर होतं, उत्पादितं बरोबर होती, बाणही सुबक होते. पण शेवटच्या पायरीत बाण अॅसिटिक आम्लाच्या H पासून निघून इथॉक्साइडच्या ऑक्सिजनवर जात होता. मी विचारलं, "हा बाण काय सांगतो?" ती म्हणाली, "सर, प्रोटॉन ऑक्सिजनकडे जातो."

ही चूक मी इतकी वर्षं, इतक्या उत्तरपत्रिकांत पाहिली आहे की तिचं मूळ कुठे आहे याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, ते आपल्या बोलण्यात आहे. आपण म्हणतो, "प्रोटॉन ऑक्सिजनला चिकटतो." या वाक्याचा कर्ता प्रोटॉन आहे, आणि हात वाक्याच्या कर्त्यापासून बाण काढायला लागतो. पण वाकडा बाण अणूचा प्रवास दाखवतच नाही. तो इलेक्ट्रॉनांच्या एका जोडीचा प्रवास दाखवतो. १९२२ साली केरमॅक आणि रॉबिन्सन यांनी हे बाण वापरले तेव्हापासून त्यांचं काम इलेक्ट्रॉनांचा हिशेब दाखवण्याचंच आहे. आम्लातल्या त्या H कडे स्वतःची अशी मोकळी जोडी नाहीच. मग शेपटी तिथे ठेवून आपण नेमकं काय हलवलं? म्हणून बाण तपासताना टोक नंतर, आधी शेपटी. शेपटीखाली बोट ठेवायचं आणि विचारायचं: इथे जोडी आहे का? जोडी दोनच ठिकाणी असते, अणूवरच्या लोन पेअरमध्ये किंवा बंधात. तिसरी जागा नाही.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "सर, ऋण चिन्ह आहे ना, तिथून बाण काढला." हायड्रॉक्साइडच्या बाबतीत ते खपून जातं, कारण ऑक्सिजनवर खरोखरच तीन लोन पेअर आहेत. पुष्कळ पुस्तकंही तसंच काढतात. पण मी माझ्या विद्यार्थ्यांना ती सवय लावत नाही, आणि त्याचं कारण सोडियम बोरोहायड्राइड. BH₄⁻ मध्ये बोरॉनवर ऋण चिन्ह आहे, पण बोरॉनचे सगळे आठ इलेक्ट्रॉन चार B–H बंधांत गुंतलेले आहेत. लोन पेअर एकही नाही. चिन्हापासून बाण काढायची सवय असलेला विद्यार्थी कीटोनवर बोरॉननेच हल्ला करवतो आणि बोरॉनला पाच बंध देऊन बसतो. खरी शेपटी B–H बंधाच्या मध्यावर हवी, कारण कार्बनकडे जाते ती त्या बंधातली जोडी, हायड्रोजनला सोबत घेऊन. ऋण चिन्ह म्हणजे अणूच्या हिशेबातली शिल्लक. शिल्लक म्हणजे जोडी नव्हे.

आता फळ्यावरची अभिक्रिया पायरी पायरीने करू.

पहिली पायरी. हायड्रॉक्साइडच्या ऑक्सिजनवरची एक लोन पेअर, तिथे शेपटी. टोक कार्बोनिलच्या कार्बनवर. इथेच थांबलात तर कार्बन मोजा: CH₃ कडे एक बंध, ऑक्सिजनशी दुहेरी म्हणजे दोन, OCH₂CH₃ कडे एक, आणि आता आलेला OH. पाच. कार्बनभोवती दहा इलेक्ट्रॉन झाले. ते चालणार नाही, म्हणून त्याच पायरीत दुसरा बाण लागतो. त्याची शेपटी C=O च्या π बंधावर, टोक त्याच ऑक्सिजनवर. टोकाची तपासणी ही अशी आहे: बाण जिथे उतरतो तिथे जागा आहे का? नसेल, तर त्याच अणूपासून दुसरा बाण बाहेर पडायलाच हवा.

मग भार मोजायचे, आणि हे तोंडी करता येतं. जोडी जिथून निघते त्या अणूचा भार एकने वाढतो, जिथे संपते तिथला एकने कमी होतो. हायड्रॉक्साइडचा ऑक्सिजन उणे एक होता, त्याने जोडी वाटून घेतली, तो शून्य झाला. कार्बनला एक जोडी मिळाली आणि एक गेली, तो होता तसाच. कार्बोनिलच्या ऑक्सिजनवर उणे एक आलं. पायरीच्या आधी एकूण उणे एक, नंतरही उणे एक. मधला अणू कोरा राहतो आणि भार साखळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकतो. तुमच्या आकृतीत एकूण भार बदलला, तर एखादा बाण राहून गेला आहे किंवा उलटा निघाला आहे, हे नक्की समजा.

दुसरी पायरी. आता कार्बनला चार एकेरी बंध आहेत. O⁻ वरची लोन पेअर खाली येते आणि C=O पुन्हा बनतो. कार्बनवर पुन्हा गर्दी, म्हणून C–OCH₂CH₃ बंधावर शेपटी ठेवून दुसरा बाण, टोक इथॉक्सीच्या ऑक्सिजनवर. इथे एक चूक फार होते: शेपटी बरोबर असते, पण टोक कागदाच्या मोकळ्या जागेत असतं, जणू काही तो गट "निघून गेला" एवढंच दाखवायचं आहे. हवेत संपणाऱ्या बाणातली जोडी कुणाच्या नावावर लिहायची? ती ऑक्सिजनवर उतरली, तरच इथॉक्साइड ऋण होतं आणि हिशेब जुळतो.

तिसरी पायरी, त्या मुलीची. इथॉक्साइडच्या लोन पेअरपासून बाण निघतो, टोक अॅसिटिक आम्लाच्या H वर. हायड्रोजनभोवती दोनच इलेक्ट्रॉन मावतात, म्हणून O–H बंधापासून दुसरा बाण, टोक त्याच आम्लाच्या ऑक्सिजनवर. "प्रोटॉन जातो" हे वाक्य खरंच आहे; फक्त त्याचं चित्र दोन बाणांचं आहे आणि दोन्ही बाण प्रोटॉनच्या उलट दिशेने चाललेले दिसतात. हे एकदा डोळ्यांत बसलं की चूक परत होत नाही. त्या मुलीने माझ्यासमोर तो बाण खोडून दोन काढले, आणि मग स्वतःच वहीची मागची पानं उलटून आणखी चार ठिकाणी खुणा केल्या.

या पायरीचं एक महत्त्व आहे. इथेनॉलचा पीकेए साधारण १६, पाण्याचाही जवळपास तितकाच. म्हणजे दुसऱ्या पायरीत मधला रेणू इथॉक्साइड टाकेल तसा हायड्रॉक्साइडही परत टाकू शकतो. पण अॅसिटिक आम्लाचा पीकेए ४.७६ आहे. तिथून प्रोटॉन निघून गेला की अॅसिटेट परत फिरत नाही. अभिक्रिया पूर्णत्वाला जाते ती यामुळे. बाणांकडे बघून हे कळत नाही. पुढे जाणारा आणि मागे येणारा बाण सारखेच निर्दोष असतात.

आणि यावरूनच मला आजची सगळ्यात आवडती गोष्ट सांगायची आहे. मी फळ्यावर आणखी दोन आकृत्या काढतो. एकीत हायड्रॉक्साइडची जोडी कार्बोनिलच्या कार्बनवर येते आणि त्याच क्षणी C–OCH₂CH₃ बंध तुटतो, मधला रेणू नाहीच. दुसरीत हायड्रॉक्साइड कार्बोनिलकडे बघतही नाही, ते इथाइलच्या CH₂ वर मागून येतं आणि अॅसिटेटला बाहेर काढतं. शेपट्या तपासा: सगळ्या जोड्यांवर आहेत. टोकं तपासा: कुठेही पाच बंध नाहीत. भार जुळतात. शेवटी मिळतं तेही तेच, अॅसिटेट आणि इथेनॉल. तीन आकृत्या, तिन्ही व्याकरणशुद्ध. मग खरी कुठली?

CH₂ वर हल्ला झाला असेल, तर अल्कोहोलमधला ऑक्सिजन पाण्याकडून आलेला असायला हवा. पोलान्यी आणि साबो यांनी १९३४ साली जड ऑक्सिजन, म्हणजे ¹⁸O, असलेल्या पाण्यात अमाइल अॅसिटेटचं अल्कलीने विघटन केलं. मिळालेल्या अल्कोहोलमध्ये जड ऑक्सिजन नव्हता. म्हणजे एस्टरमधला तुटणारा बंध कार्बोनिलच्या बाजूचा. ती आकृती बाद झाली.

राहिली एकाच पायरीची. तिचा निकाल १९५१ साली बेंडर यांनी लावला. त्यांनी बेंझोएट एस्टर घेतलं, त्याच्या C=O च्या ऑक्सिजनवर ¹⁸O ची खूण होती आणि पाणी साधं होतं. अभिक्रिया अर्ध्यावर थांबवून त्यांनी न विघटलेलं एस्टर परत मिळवलं आणि तपासलं. त्यातला जड ऑक्सिजन कमी झालेला होता. आता बघा, एकाच पायरीत सगळं होत असेल तर C=O चा ऑक्सिजन दुहेरी बंधातून बाहेर येतच नाही; न विघटलेल्या एस्टरमधली खूण जशीच्या तशी राहिली पाहिजे.

ती कमी का झाली, हे आपल्याच बाणांनी काढता येतं. मधल्या रेणूत जड ऑक्सिजनवर ऋण भार आहे. त्याची लोन पेअर पाण्याच्या H वर जाते, पाण्याचा O–H बंध पाण्याच्या ऑक्सिजनवर मोडतो. मग सुटलेलं हायड्रॉक्साइड दुसऱ्या, साध्या OH चा H घेतं. पुन्हा दोन बाण. आता जड ऑक्सिजन OH झाला आणि साधा ऑक्सिजन O⁻. साध्याची जोडी खाली आली, C–¹⁸OH बंधाची जोडी जड ऑक्सिजनवर गेली, आणि ¹⁸OH⁻ बाहेर पडलं. मागे उरलं ते एस्टरच, पण त्याची खूण गेलेली. हे सहा बाण तुमच्या वहीत काढा, प्रत्येकाच्या शेपटीखाली बोट ठेवा, आणि प्रत्येक पायरीनंतर एकूण भार उणे एक येतो का ते बघा. मी इथेच आहे, वह्या घेऊन पुढे या.