आटलेल्या विहिरीचा अभंग

(डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मी भजनी माणूस. पेटी वाजवतो, क्वचित चार ओळी जुळवतो. आमच्या वाड्यावरची विहीर आटली तेव्हा मुलांनी मला सांगितलं, "मास्तर, तिच्यावर एक अभंग करा. तिनं स्वतःच बोलायला हवं त्यात." मला काय, एका रात्रीत केला. त्याचं पहिलं कडवं असं होतं:

आटले गे पाणी। रडते मी बाई।
तहानेली आई। गावाची मी॥

चाल भूपाची लावली. बायकांनी डोळे पुसले. मी खूश. कार्यक्रम संपल्यावर आमच्याकडे विहिरी खणणारे एक वयस्क गृहस्थ आहेत, ते पान जुळवत म्हणाले, "मास्तर, बांयक तान लागना." विहिरीला तहान लागत नाही! तहान माणसाला लागते. आणि वर म्हणाले, ती रडेल कुठून, रडायला पाणी लागतं.

आता मी तिथंच वाद घालायला हवा होता, कवितेत चालतं म्हणून. पण गप्प बसलो, कारण माझ्या लक्षात आलं की ज्या विहिरीच्या तोंडी मी शब्द घालतोय ती आतून कशी आहे हे मला ठाऊकच नाही. पन्नास वर्षं तिचं पाणी प्यायलो, पण तिच्यात उतरलो कधी नाही. त्या गृहस्थांनी मला पुढच्या आठवड्यात शिडीवरून खाली उतरवलं. त्यानंतर अभंग पाच वेळा पाडला आणि पुन्हा बांधला. आज तुम्हाला सांगायचंय ते या पाडापाडीचं.

विहीर तीस फूट खोल, दहा फूट रुंद. वरचे वीस-बावीस फूट जांभा, आपला चिरा. त्याला बांधकाम लागत नाही, तो स्वतःच्या अंगानं उभा राहतो, म्हणून आपल्या जुन्या विहिरींना नुसता कठडा असतो. जांभ्याला हात लावला की बोट जाईल एवढी भोकं लागतात, एकात एक गेलेली. आणि त्याखाली पिवळट-पांढरी चिकण माती, ओल्या शाडूसारखी. गृहस्थांनी मला जांभा आणि माती जिथं मिळतात ती रेघ दाखवली. तिच्यावर तीन काळपट डाग होते. हे झरे. पाणी तळातून येत नव्हतं, भिंतीतून येत होतं. मी आयुष्यभर समजत होतो की विहिरीला पाणी खालून लागतं.

गोव्यात शंभर-सव्वाशे इंच पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. आमच्या वाड्याच्या पाठीमागे सडा आहे, म्हणजे जांभ्याचं सपाट पठार. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्याच्या भोकांतून झपाट्यानं खाली जातं आणि मातीवर अडतं. ही माती गंमतीची आहे. तिच्यात पाणी भरपूर असतं, पण ती सोडत नाही. कंजूस सावकारासारखी, धन आहे पण हाताला लागत नाही. मग पाणी तिच्या पाठीवरून उताराकडे सरकतं आणि सड्याच्या पायथ्याशी, जिथं कोणीतरी पूर्वी शहाणपणानं खड्डा खणलाय, तिथं पाझरतं. तोच आमचा खड्डा.

घरी येऊन हिशेब केला. दहा फूट रुंदीच्या विहिरीत दहा फूट पाणी म्हणजे वीस-बावीस हजार लिटर, दोन टँकर. पंचवीस घरांना हे जेमतेम आठवडाभर पुरेल. आणि सड्याच्या एका हेक्टरवर चार महिन्यांत पडणारा पाऊस तीन कोटी लिटर. त्यातलं बरंच वाहून जातं, बरंच झाडं पितात, तरीही भांडार कोणतं आणि लोटा कोणता हे सांगायला नको. "गावाची आई" वगैरे पुसून टाकलं. नवं कडवं असं आलं:

पाणी माझे नव्हे। सड्याचे ते देणे।
माझे फक्त घेणे। कडेवरी॥

इथं छंदाबद्दल एक गोष्ट सांगतो, कंटाळू नका. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि शेवटी चारच अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं आणि चौथा चरण दोन अक्षरं आधीच संपतो. गाताना दोरी पुरायच्या आत पोहरा थांबल्यासारखं होतं. या विहिरीला हाच छंद हवा, हे मला चाल बदलताना कळलं. भूप काढून टाकला. आता तो चौथा चरण आम्ही जवळजवळ बोलतोच, लांबवत नाही.

दुसरी चूक "आटले" या शब्दात होती. एका दिवशी पाणी होतं आणि एका दिवशी गेलं, असं झालंच नाही. मी वाड्यावरच्या बायकांना विचारत गेलो. तारखा कोणाला आठवत नाहीत, पण सण आठवतात. माझी काकी म्हणाली, ती लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या पावसाआधी चार-आठ दिवसच कळशी तळाला लागायची. धाकट्या वहिनीच्या पहिल्या बाळंतपणात अक्षय तृतीयेला गढूळ यायला लागलं होतं. आणि आता शिगम्याला, म्हणजे होळीच्या दिवसांतच. म्हणजे विहीर अजूनही दर पावसात भरते आणि दर वर्षी आटते. फक्त आटण्याचा दिवस अलीकडे सरकत आलाय. अडीच महिने सरकलाय तो, एका बाईच्या आयुष्यात.

शिगम्याचा ढोल। वाजला की आता।
तळाची ये वार्ता। कळशीला॥

पूर्वेचा तो झरा। आधी होई मुका।
मग पाय सुका। पाचोळ्यात॥

यातला "आधी" फार महत्त्वाचा. तीन झऱ्यांपैकी पूर्वेचा, म्हणजे सड्याकडचा, आधी बंद होतो, पाणी वरून कमी येतंय याची ती पहिली खूण. तळ कोरडा दिसतो त्याच्या कितीतरी आधी ती दिसते, पण वाकून बघतो कोण!

मधल्या काळात लोकांनी उपाय केले, तेही सांगायला हवेत. पहिल्यांदा गाळ काढला. दोन फूट खोली परत मिळाली आणि विहीर आठेक दिवस जास्त टिकली. झरे भिंतीत, मग तळाचा गाळ काढून याहून अधिक काय मिळणार? मग कोणीतरी म्हणालं, आणखी खोल करा. पाच फूट मातीत गेले. पांढरट, दुधासारखं पाणी आलं, हंड्यात तासन्तास निवळेना, आणि पावसाळ्यात मातीची एक बाजू आत ढासळली. जांभा उभा राहतो तशी ती माती राहत नाही, तिला दगडाचा आधार बांधावा लागतो. शेवटी ते पाच फूट पुन्हा बुजले. खर्च आणि भांडण मात्र बुजलं नाही, ते अजून उघडंच आहे.

तर मग पाणी गेलं कुठं? माझ्या पहिल्या अभंगात एक जहाल कडवं होतं लोहखनिजाच्या खाणीवर. आमच्या भागात ते कोणालाही पटतं, आणि उगाच पटत नाही. खाणीचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले, पंप लावून त्यांतलं पाणी रात्रंदिवस बाहेर काढलं गेलं, आणि भुकटीसारखं जे खनिज आहे तेच मुळात पाणी धरून ठेवणारा थर असतो, तो उकरला गेला. अशा खड्ड्याजवळच्या विहिरीचं दुःख खरं आहे. पण आमच्या विहिरीचं दुःख तेच का? 2018 साली खाणी थांबल्या, आमच्या बाजूचे पंपही थांबले. तरी आटण्याचा दिवस अलीकडे सरकतच होता.

हे ओळखायची एक साधी रीत त्या गृहस्थांनी दाखवली. विहिरीकडे मे महिन्यात बघून काही कळत नाही, चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुमारास बघायचं. पाऊस भरपूर होऊन गेलेला असतो. त्या वेळी पाणी भिंतीवरच्या जुन्या खुणेपर्यंत चढलं आणि नंतर भराभर उतरलं, तर कोणीतरी खालून ओढतंय: खाण, नाहीतर कूपनलिका. पण ऐन चवथीला जुन्या खुणेपर्यंत चढलंच नाही, तर वरूनच कमी येतंय. एका वर्षाच्या मोजणीवर विसंबायचं नाही, पाऊसही कमीजास्त असतो. म्हणून टेकडीच्या पलीकडच्या, सडा शाबूत असलेल्या वाड्यावरची एक विहीर जोडीला धरायची. दोन्ही गोष्टी एकदम घडत असतील तर मात्र ही रीत नुसती गोंधळ दाखवते, हेही ते म्हणाले.

आम्ही तीन वर्षं मोजलं. पलीकडची विहीर तिन्ही वर्षं आपल्या खुणेला टेकली. आमची दर वर्षी चार-साडेचार हात खाली राहिली. मी सड्यावर गेलो. पाठीमागची बाजू चिऱ्यासाठी कापत कापत मातीपर्यंत नेलेली, वर रस्ता, प्लॉट, काँक्रीट. पाऊस पडला की तासाभरात तांबडं पाणी गटारानं ओहळाला. भोकं असलेला दगडच राहिला नव्हता, मुरणार कशात?

आणि तो चिरा गेला कुठं? माझ्या घराला, मंडळी. 1998 सालचं घर. तुमच्यापैकी अनेकांच्या घरालाही. खाणीवरचं कडवं मी काढलं, त्या जागी हे घातलं. गाताना माझा आवाज अजूनही इथं जरा खाली येतो:

चिरा चिरा गेला। घर उभे झाले।
माझे छत नेले। गाड्यांतून॥

काहींनी विचारलं, विहीर रागावलेली का नाही दाखवली. मला ती रागावलेली ऐकू आलीच नाही. आत उतरल्यावर तिथं फक्त एक घुमारा असतो. आपण बोललेलं थोड्या उशिरानं आपल्यालाच परत येतं, खर्जात. म्हणून शेवटचं कडवं मी तिथं उभं राहून बांधलं. चवथीला मुंबई-पुण्याची मंडळी घरी येतात, कठड्यावरून डोकावतात आणि म्हणतात, भरली की, उगाच काय ओरडता!

चवथीला सारे। भरली म्हणती।
हात खाली किती। मोजा कोणी॥

जुनी खूण आता चटकन दिसत नव्हती, शेवाळ चढलं होतं. गेल्या चवथीला काकीच्या नातवानं ती घासून तिच्यावर चुन्याची पट्टी मारली आणि दोरीला हाताहातावर गाठी मारून दगड सोडला. पट्टीपासून पाण्यापर्यंत चार गाठी, आणि पाचवी अर्धी भिजलेली. वहीत त्यानं तेवढंच लिहिलंय.