दांडे भरलेले, पान अडलेले

मंडळी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माझ्या भाच्याचं मिरची-मसाल्याचं दुकान आहे. अकरा वाजता गिऱ्हाईक पैसे पाठवायला मोबाइल काढतं, वर रेंजचे पाचही दांडे असतात आणि स्क्रीनवरचं चक्र फिरतच राहतं. भाच्याने रेंज वाढवणारं यंत्र घ्यायचं ठरवलं होतं. मी त्याला थांबवलं.

दांडे नेमकं काय मोजतात ते आधी पाहू. टॉवर एक ओळखीचा संकेत सतत पाठवत असतो. त्या टॉवरवर एकच माणूस असो की हजार, त्याची ताकद तीच राहते. दांडे मुख्यतः ही ताकद दाखवतात. टॉवरकडे तुमच्यासाठी किती वेळ शिल्लक आहे हे त्यांना कळतच नाही. फोरजीत टॉवर दर मिलिसेकंदाला ठरवतो की आत्ता कोणाला किती वाटा द्यायचा. बाजारात माणसं वाढली की प्रत्येकाची पाळी उशिरा येते.

आता सत्तरी तालुक्यातलं माझं घर घ्या. जाड चिऱ्याच्या भिंती, मागे डोंगर. तिथे एकच दांडा. फोनच्या Settings मध्ये, About phone खाली, SIM status उघडलं की आकडा दिसतो: घरात -116 dBm, बाजारात -79. शून्याच्या जितकं जवळ तितका संकेत चांगला. घरात टॉवर मला नीट ऐकू येत नाही आणि मीही त्याला. फोन पूर्ण ताकदीने ओरडतो, म्हणून तापतो, बॅटरी उतरते. पहाटे पाचलाही हेच.

ओळखायची खूण इथेच आहे. भाच्याला मी सांगितलं, सकाळी सहाला दुकान उघडतोस तेव्हा अकराला रखडतं तेच पान उघडून बघ. झटकन उघडलं. आकडा तोच, -79. म्हणजे कारण गर्दी. सहालाही रखडलं असतं तर आधी दिवसाचा डेटा संपलाय का ते पाहायचं. तो संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि दांडे मात्र भरलेलेच राहतात.

घरी मी खिडकीशी बसतो, ब्रॉडबँड घेऊन वाय-फाय कॉलिंग चालू ठेवलंय. तिथे संकेत आत आणणं हाच उपाय. बाजारात संकेत वाढवून काय मिळणार? रांग तेवढीच राहते. शिवाय बाजारात मिळणारं विनापरवाना बूस्टर लावणं बेकायदा आहे, आणि त्याने शेजाऱ्यांचंही नेटवर्क बिघडतं.

भाच्याने दोन गोष्टी केल्या. फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये फाइव्हजी चालू केलं, कारण त्याच्या कंपनीचं फाइव्हजी वेगळ्या लहरींवर चालतं आणि तिथे रांग लहान होती. दुसरं सिम दुसऱ्या कंपनीचं घेतलं. अकराला एक अडलं की तो दुसऱ्यावर जातो. चतुर्थीच्या आदल्या बाजारात मात्र दोन्ही अडली. त्या दिवशी त्याने सुट्टे पैसे काढून ठेवले होते.