सही एक, बहीण-भाऊ दोन

संगीताच्या इतिहासातून स्त्री संगीतकार कशा गाळल्या गेल्या आणि त्यांना परत कसं आणतात, हा आजचा विषय; पण आधी एक गोष्ट. 'साधी माणसं' चित्रपटाचा संगीतकार कोण, हे कोल्हापुरात विचारलं तर लोक हसतील. पडद्यावर नाव आलं 'आनंदघन'. आनंदघन म्हणजे लताबाई, हे आज शेंबडं पोरही सांगतं. (मागच्या रांगेतली मान हलली नाही; असू दे.) पण इथे टोपणनावामागचं माणूस हयात होतं, सांगणारे होते. ते नसतील तर काय होतं, ते बघा.

१९७० मध्ये पॅरिसमध्ये पियानोसाठीच्या एका ईस्टर सोनाटाचं हस्तलिखित उजेडात आलं. सही 'एफ. मेंडेल्सन'. एफ म्हणजे प्रसिद्ध जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सनच, दुसरं कोण? १९७२ मध्ये त्याच्याच नावावर रेकॉर्डही निघाली. पण थोरल्या बहिणीचं नावही एफ वरूनच सुरू होतं, फॅनी! शिवाय तिच्या कागदपत्रांत 'माझा ईस्टर सोनाटा' असा उल्लेख होता आणि ती कृती मात्र हरवलेली मानली जात होती.

२०१० मध्ये अँजेला मेस या संशोधिकेने मूळ कागद पाहिले. शैलीवरून वाद घालत बसली असती तर निकाल लागलाच नसता, कारण भावंडं एकाच गुरूकडे, झेल्टरकडे शिकलेली. तिने अक्षर पाहिलं, ते फॅनीचं होतं. मग पानांचे आकडे पाहिले. बर्लिनच्या ग्रंथालयात फॅनीची हस्तलिखित वही आहे, तिच्यातली काही पानं गायब आहेत. पॅरिसच्या पानांवरचे आकडे नेमके त्याच जागी बसले. १८२८ ची रचना २०१२ मध्ये प्रथमच तिच्या नावाने वाजली. कान राहिले बाजूला, निकाल दिला पानांच्या आकड्यांनी!

घड्याळाकडे बोट दाखवताय, कळलं. जाहीर केलेला विषय आता भरभर.

बाई गाळली गेली ती छपाईच्या वाटेवर. १८२० मध्ये वडिलांनी लिहिलं की, संगीत फेलिक्सचा व्यवसाय होईल, तुझ्यासाठी तो अलंकारच राहील. तिच्या सहा गाण्यांना छापखाना मिळाला तो भावाच्या ऑपस ८ आणि ९ या छापील गीतसंग्रहांत, त्याच्याच नावाने. स्वतःच्या नावाने ऑपस १ निघाला १८४६ मध्ये, आणि पुढच्याच मे महिन्यात ती गेली. साडेचारशेच्या आसपास रचना मागे राहिल्या, त्यातल्या बहुतेक हस्तलिखितातच. घरच्या रविवारच्या मैफलींत त्या वाजत. पण घरगुती मैफलीचं परीक्षण वर्तमानपत्रात कोण छापणार? इतिहासकारांनी छापील स्वरलिपी आणि परीक्षणं यांवरच यादी बांधली, त्यात ती येणार कुठून?

म्हणून हल्ली अभ्यासक आधी सूची करतात, हस्तलिखितांना क्रमांक देतात, मग वाजवण्याजोगी संपादित प्रत काढतात. ती नसेल तर वादक हात लावत नाहीत. पत्रं, रोजनिश्या, दिवाणखान्यातले कार्यक्रम हीही आता साधनं धरतात. अडचण एवढीच की पाठ्यपुस्तकात पुष्कळदा 'स्त्री संगीतकार' असं वेगळं प्रकरण जोडून मोकळे होतात आणि सोनाटाच्या प्रकरणात फेलिक्स तसाच बसलेला असतो. फॅनीला तिथे बसवायचं, तर ते प्रकरण पुन्हा लिहावं लागतं. प्रश्न असतील तर विचारा, माईक तिकडे द्या.