पिवळ्या पडलेल्या लॉनची दोन दुखणी

श्रोतेहो, नमस्कार. शेतकरी जी हरळी खणून, वेचून, जाळून थकतो, तीच हरळी बंगल्यापुढे लॉन म्हणून लावली की वर्षभरात पिवळी पडते, विरळ होते. असं का होतं, हे पुण्यातल्या एका अंगणावरून पाहू.

12 फूट बाय 15 फुटांचा तुकडा, कोपऱ्यात जुना आंबा. एप्रिलमध्ये उन्हातलं गवत गवती चटईसारखं करडं-पिवळं झालं आणि आंब्याखाली तर मातीच दिसू लागली. घरच्यांना वाटलं, खत कमी पडलं. त्यांनी मूठमूठ युरिया फेकला. जिथे मूठ पडली तिथे चार दिवसांत तळहाताएवढे तपकिरी डाग उमटले. तहानलेल्या मुळांशी तेवढा युरिया गेला, तर मुळं करपणारच.

मग एका जाणत्या माळ्याला बोलावलं. त्याने खताची चौकशी केली नाही, घरातला लांब स्क्रू ड्रायव्हर मागितला. उन्हातल्या भागात तो जेमतेम इंचभर शिरला आणि अडला. वर ओल, खाली ठणठणीत कोरडं. आंब्याखाली मात्र तोच स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत सहज गेला, आणि तिथल्या मातीवर शेवाळ होतं. अंगण एकच, पण दुखणी दोन. हे लक्षात ठेवा: उन्हातलं पिवळं वेगळं, सावलीतलं पिवळं वेगळं.

आधी उन्हातलं. घरचे सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं पाइप धरत. माळ्याने पाइपखाली 20 लिटरची बादली लावली, ती दोन मिनिटांत भरली. म्हणजे मिनिटाला 10 लिटर, पाच मिनिटांत 50. सगळ्या तुकड्यावर पसरले की चौरस मीटरला तीनच लिटर. एवढ्याने वरची माती भिजते आणि दुपारपर्यंत वाळते. मुळंही ओल असते तिथेच, वरच्या इंचभरात राहतात, आणि उन्हाचा पहिला मार त्यांनाच बसतो.

त्याने रोजचं पाणी बंद केलं. दोन दिवस सोडून तिसऱ्या दिवशी, पहाटे, चौरस मीटरला 15 लिटर. उन्हातला भाग साधारण 11 चौरस मीटर, म्हणून 16-17 मिनिटं पाइप. पण सलग नाही. आठ मिनिटं द्यायचं, अर्धा तास थांबायचं, पुन्हा आठ मिनिटं. आपली चिकट माती एका दमात एवढं पाणी पीत नाही, ते फाटकाबाहेर वाहतं. आता हिशेब ऐका. आधी तीन दिवसांत चौरस मीटरला 18 लिटर जात होते, आता 15. पाणी कमी झालं, पण ओल चार इंच खाली पोचली. (गाडी धुवायला पाइप सोडून मोबाइलवर बोलत बसणाऱ्यांनीही आपल्या पाइपखाली एकदा बादली लावावी.)

दुसरी चूक कापण्याची. गवत अर्ध्या इंचावर उतरवलं जाई, अगदी टक्कल. हिरवं पातं वर असतं, खाली पिवळट काड्या. खोल कापलं की काड्याच उघड्या पडतात, आणि पात्यांशिवाय मुळांना पोसणार कोण? त्याने मशीन फरशीवर ठेवून पातं फरशीपासून दीड इंचावर बांधलं. गवत सव्वादोन इंच झालं की कापायचं. पुन्हा सांगतो, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. पावसाळ्यात चार इंच वाढलं, तर चार-पाच दिवसांच्या अंतराने तीन-चार टप्प्यांत खाली आणा. आणि दुसऱ्या दिवशी टोकं पांढरी, फाटलेली दिसली, तर मशीनचं पातं बोथट आहे, त्याला धार लावा.

सहा आठवड्यांत उन्हातली हरळी धावे सोडून भरून आली. आंब्याखाली मात्र काहीच फरक पडला नाही. तासातासाला पाहिलं, तर तिथे दिवसभरात दोन तासच ऊन येत होतं. हरळीला निदान सहा लागतात. ऊन चार-पाच तास असेल, तर खालच्या फांद्या विरळ करून, गवत अर्धा इंच जास्त उंच ठेवून आणि माती चाचपूनच पाणी देऊन निभतं. दोन तासांत हरळी जगत नाही, कितीदाही लावा. तरी लोक दरवर्षी नवे तुकडे आणून अंथरतात, आणि कंटाळून शेवटी प्लास्टिकचं गवत घालतात. त्यावर मे महिन्यात अनवाणी उभं राहून दाखवा!

त्या घरी आंब्याखालची हरळी काढून मंकी ग्रास लावलं, दर सहा इंचांवर एक रोप. ते सावलीत तग धरतं आणि त्याला कापणीही लागत नाही.

उन्हात पाणी कधी द्यायचं, तेही सांगतो. लॉनवरून चालून मागे वळून पाहा. पाती उठून बसली, तर पाणी नको. पावलांचे ठसे तसेच राहिले आणि गवतावर निळसर करडी छटा आली असेल, तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाइप लावा.